ताप उतरला, आता पळायला कधी जायचं?

डिसेंबर लागला की गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटेची गर्दी वाढते. जानेवारी-फेब्रुवारीतल्या मॅरेथॉनची तयारी सुरू झालेली असते. आणि नेमकं त्याच सुमाराला नाशकातल्या घराघरांत कुणी ना कुणी तापाने फणफणलेलं असतं. या दोन गोष्टींची गाठ पडली की एकच प्रश्न कानावर येतो : "ताप गेलाय, उद्यापासून येऊ का?"

मी डॉक्टर नाही. आमच्या पळणाऱ्यांच्या गटात नव्या लोकांना सरावाचं वेळापत्रक लिहून देण्याचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येतो. गेल्या हिवाळ्यात तो घरातूनच आला. माझा मावसभाऊ, वय ४४, आठवड्याला चाळीसेक किलोमीटर पळणारा. त्याला फ्लू झाला. सोमवारी संध्याकाळी ताप भरला, १०२ च्या वर गेला, गुरुवारी सकाळी शेवटची पॅरासिटामॉल घेतली आणि शनिवारी पहाटे स्वारी ट्रॅकवर हजर. "एकदम फ्रेश वाटतंय रे," म्हणाला. दुसऱ्या फेरीत मागे पडला. तिसरी फेरी झालीच नाही, कट्ट्यावर बसला. ज्या वेगाने पळताना त्याची नाडी एरवी १४० च्या आसपास असते, त्याच वेगाला हातातलं घड्याळ १६८ दाखवत होतं. ओठ कोरडे, कपाळावर गार घाम.

"दादा, सकाळी उठल्यावर नाडी किती होती?" मी विचारलं. त्याने पाहिलीच नव्हती. घड्याळ मात्र रात्रभर हातात होतं. त्यात आकडा होता : ७०. त्याचा नेहमीचा आकडा ५८.

या बारा ठोक्यांच्या फरकात जवळजवळ सगळं उत्तर आहे.

पूर ओसरला, गाळ तसाच

नाशिककरांना पुराची भाषा चांगली कळते. गोदावरीचं पाणी कुठवर आलं ते आपण दुतोंड्या मारुतीवरून ठरवतो. पाणी मारुतीच्या कमरेखाली गेलं की पूर ओसरला म्हणायचं. पण म्हणून काठावरची दुकानं त्याच संध्याकाळी उघडत नाहीत. गाळ काढायचा असतो, ओला माल बाहेर टाकायचा असतो, वायरी वाळायच्या असतात.

ताप हे तसंच पातळीचं माप आहे. विषाणू शिरला की शरीर मेंदूतल्या तापमानाच्या बटणाला निरोप धाडतं आणि बटण वर चढतं. अंग गरम झालं की विषाणूला वाढणं अवघड जातं आणि आपल्या संरक्षक पेशी जोरात कामाला लागतात. ज्या रसायनांमधून हे निरोप जातात, त्यांच्यामुळेच अंग मोडून येतं, भूक जाते, पडून राहावंसं वाटतं. म्हणजे अंगदुखी हा विषाणूचा मार कमी आणि आपल्याच फौजेची धावपळ जास्त. ताप उतरला याचा अर्थ बटण खाली आलं, एवढाच. फौज अजून मैदानात असते, मोडतोड दुरुस्त व्हायची असते. सुके खोकले तर दोन-दोन आठवडे रेंगाळतात.

त्यात गोळीचा घोळ. पॅरासिटामॉल बटण तेवढं खाली ओढते, लढाई संपवत नाही. म्हणून 'ताप नाही' हे वाक्य गोळीशिवाय म्हणता आलं तरच खरं. शेवटच्या गोळीनंतर निदान २४ तास तापमापक साध्या आकड्यावर राहिला पाहिजे. मावसभावाचं एवढं तरी झालं होतं. मग चुकलं कुठे?

अर्धा भरलेला टँकर

ताप असताना नाडी वाढते हे सगळ्यांना माहीत असतं. ढोबळ हिशेब असा की अंगाचं तापमान एक अंश सेल्सिअसने, म्हणजे फॅरनहाइटच्या पावणेदोन-दोन अंशांनी वाढलं की नाडी मिनिटाला दहाएक ठोक्यांनी चढते. पण ताप गेल्यावरही ती वरच राहते, ते का?

तापात घाम आणि श्वासावाटे पाणी जातं, खाणंपिणं सुटतं, माणूस आडवा पडून राहतो. या सगळ्यामुळे रक्तातला पाण्याचा भाग घटतो. तो दोन-तीन दिवसांतही घटतो. आता उन्हाळ्यात वाडीवर पाणी पोहोचवणारा टँकर डोळ्यांसमोर आणा. टँकर अर्धाच भरून निघाला तर तेवढंच पाणी द्यायला फेऱ्या वाढवाव्या लागतात. हृदयाचं तसंच होतं. एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं, म्हणून ठोके वाढतात. शिवाय विषाणूशी झुंज अजून चालू असेल तर शरीर विश्रांतीतसुद्धा जरा वरच्या गिअरमध्ये असतं.

म्हणजे सकाळची नाडी दोन गोष्टी एकदम सांगते : टँकर किती भरला आणि फौज घरी परतली की नाही. 'फ्रेश वाटतंय' यातलं काहीच सांगत नाही. तीन दिवस अंथरुणात काढल्यावर कुणालाही उभं राहिलं तरी फ्रेश वाटतं.

नाडी कशी पाहायची

जाग आली की उठायच्या आधी, चहाच्या आधी आणि मोबाइल हातात घ्यायच्याही आधी. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची आणि घड्याळाकडे बघत पूर्ण ६० सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं तर एका ठोक्याची चूक चाराची होते. मनगटी घड्याळ रात्रीचा आकडा देत असेल तर तोही चालतो, फक्त रोज एकाच पद्धतीचा आकडा घ्या.

आपला नेहमीचा आकडा मात्र आजारपणाआधी माहीत असायला हवा. आज धडधाकट असाल तर उद्यापासून आठवडाभर मोजून कुठेतरी लिहून ठेवा.

मी वापरतो तो अंदाज साधा आहे. सकाळची नाडी नेहमीपेक्षा दहा किंवा जास्त ठोक्यांनी वर असेल तर व्यायाम नाही. पाच ते दहा वर असेल तर फार तर सपाटीवर चालणं. सलग दोन सकाळी फरक पाचाच्या आत आला की हळू पळायला सुरुवात. हा काही कायदा नव्हे. अपुरी झोप, आदल्या रात्रीची दारू, परीक्षेची काळजी यांनीही आकडा हलतो. आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी मुद्दाम खाली ठेवतात, त्या चालू असतील तर हा आकडा तुम्हाला फसवेल. तेव्हा अंगदुखी, दम आणि डॉक्टर यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

मावसभावाचे पंधरा दिवस

त्या शनिवारी त्याला घरी सोडायला गेलो तेव्हा वहिनी दारातच म्हणाल्या, "भाऊजी, आता तुम्हीच सांगा ह्यांना, माझं ऐकतात का ते!" मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची नाडी लिहायचं ठरलं आणि पेन वहिनींच्या हातात गेलं.

रविवारी आकडा ६९, सोमवारी ६६. दोन्ही दिवस सराव नाही. पण अंथरुणही नाही. घरात वावरायचं, गच्चीवर सकाळच्या उन्हात जरा बसायचं. पेज, वरण-भात, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. लघवीचा रंग फिकट होईपर्यंत प्यायचं, एवढीच पाण्याची खूण.

मंगळवारी ६२ आणि बुधवारी ६१. मंगळवारी २० मिनिटं आणि बुधवारी ३० मिनिटं सपाट रस्त्यावर चालणं. दोन्ही संध्याकाळी त्याला मी एकच प्रश्न विचारला : दुपारी ऑफिसात डोळे मिटत होते का? नाही म्हणाला.

गुरुवारी ६०. पाच मिनिटं चालून अंग सैल केलं, मग एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं असं आठ वेळा. वेग असा की पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मी त्याला मुद्दाम ऑफिसातल्या भानगडी विचारत राहिलो. नाडी १३० च्या वर गेली नाही.

शुक्रवारी सकाळी आकडा पुन्हा ६६. वहिनींचा फोन आला. चौकशी केली तर आदल्या रात्री नात्यातल्या लग्नाला गेला होता, झोपायला एक वाजला. कारण आजाराचं असो की जागरणाचं, शरीराकडे त्या दिवशी शिल्लक कमी होती. म्हणून फक्त चालणं. शनिवारी ६१, मग दोन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं. रविवारी सुटी. सोमवारी ५९ आणि पहिल्यांदा सलग २५ मिनिटं, अगदी सावकाश. नेहमीच्या वेगाजवळ नाडी १४३. म्हणजे टँकर जवळजवळ भरला होता.

तिथून पुढच्या सात दिवसांत एकूण २० किलोमीटर, म्हणजे त्याच्या नेहमीच्या निम्मे, आणि तेही सगळे हळू. त्याच्या पुढच्या आठवड्यात ३०. वेगाचा सराव आणि पांडवलेणीच्या पायऱ्या त्यानंतर. त्याला पायऱ्यांची घाई सगळ्यात जास्त होती, म्हणून त्या मी मुद्दाम शेवटी ठेवल्या.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी मिनिटं वाढवायची, मग आठवड्यातले दिवस आणि अंतर, आणि सगळ्यात शेवटी जोर, म्हणजे वेग, चढ किंवा वजन. बहुतेक जण उलटं करतात. वेळ कमी आहे म्हणून थोडंच पण जोरात पळून घेतात. आजारातून उठलेल्या शरीराला जोर महाग पडतो, मिनिटं स्वस्त. जिममध्ये जाणाऱ्यांसाठीही हेच : पहिले काही दिवस नेहमीच्या निम्मं वजन, दर सेटमध्ये अजून तीन-चार वेळा उचलता येईल इतक्यावर थांबणं, आणि श्वास रोखून जोर लावणं बंद.

कोणत्याही पायरीवर चुकलं की नाही, ते त्या क्षणी कळत नाही, दुसऱ्या दिवशी कळतं. सकाळची नाडी पुन्हा सात-आठने वर, पाय शिशासारखे जड, घसा पुन्हा खवखवतो, रात्री झोप तुटक. यातलं काही दिसलं तर एक पायरी मागे. कणकण परत आली तर पुन्हा शून्यापासून.

"घाम काढला की ताप पळतो" याचं काय?

हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं आणि त्यात एक खरी गोष्ट उलटी धरलेली आहे. ताप उतरताना घाम येतो, हे बरोबर. मेंदूतलं बटण खाली आलं की शरीराला आपण फार गरम आहोत असं वाटतं आणि ते घाम काढून गार होतं. म्हणजे आधी ताप उतरायला लागतो, मग घाम येतो. घोंगडी पांघरून किंवा पळून घाम काढला तर बटण जागचं हलत नाही. उलट पळणाऱ्या स्नायूंची उष्णता वर चढते आणि टँकरमधलं उरलंसुरलं पाणी जातं.

"नुसती सर्दी आहे, तरी थांबू?"

नुसत्या सर्दीला एवढं थांबायची गरज नसते. खेळाडूंमध्ये गळ्याच्या रेषेचा एक ठोकताळा प्रचलित आहे. त्रास गळ्याच्या वरचाच असेल, म्हणजे नाक गळणं, शिंका, थोडी खवखव, तर दहा मिनिटं हळू पळून बघावं. बरं वाटलं तर अर्धा तास हळू पळून घरी यावं, नाही तर तिथूनच परत फिरावं. त्रास गळ्याच्या खाली उतरला असेल, म्हणजे छातीतला खोकला, अंगदुखी, जुलाब, दम, तर व्यायाम नाही. आणि ताप असेल तर रेषेचा प्रश्नच येत नाही, घरीच. या ठोकताळ्याला मर्यादा आहेत, कारण फ्लूसुद्धा पहिल्या दिवशी सर्दीसारखाच वागू शकतो. म्हणून पहिल्या दिवशी संशयाचा फायदा अंथरुणाला द्यावा.

"तोवर सगळी मेहनत वाया जाईल"

मावसभावाची खरी भीती हीच होती. स्पर्धा महिन्यावर आली होती.

सराव पूर्ण थांबवलेल्या कसलेल्या खेळाडूंवर १९८० च्या दशकात अभ्यास झाला. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ही त्यांची क्षमता पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सात टक्क्यांच्या आसपास घटली. आणि पहिल्यांदा जातं ते मुख्यतः रक्तातलं पाणी, जे सराव सुरू झाल्यावर सगळ्यात आधी परत येतं. पायांतली ताकद, महिनोन्महिने कमावलेली बारीक रक्तवाहिन्यांची जाळी इतक्यात कुठे जात नाही. तेव्हा आठ-दहा दिवसांनी स्पर्धा बुडत नाही.

पण याला दुसरी बाजू आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे पाच तरुण विद्यार्थ्यांना तीन आठवडे पलंगावरून उठू दिलं नाही. त्यांची हीच क्षमता चतुर्थांशाहून जास्त खाली आली. म्हणजे सराव बंद ठेवणं वेगळं आणि आडवं पडून राहणं वेगळं. ताप उतरल्यावर घरात हिंडणं-फिरणं सांगतात ते याचसाठी.

"मागच्या वेळी तापात पळालो होतो, काही झालं नाही"

बहुतेकांना काही होत नाही, हे खरं. धोका आहे तो थोड्यांना, पण मोठा आहे. फ्लूच्या आणि इतर काही विषाणूंमुळे कधी कधी हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. तिला मायोकार्डायटिस म्हणतात. सुजलेला स्नायू ठोक्याची विजेची लय बिघडवू शकतो, आणि ही लय बिघडायची शक्यता जोराच्या श्रमात सगळ्यात जास्त. हृदयाला लागण करणारा एक विषाणू टोचलेल्या उंदरांना पोहायला लावल्यावर त्यांच्या हृदयाची हानी न पोहलेल्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त झाली, असं जुन्या प्रयोगांत दिसलं आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण तापात पळू नका या सल्ल्यामागचं कारण इथे आहे.

ओळखायच्या खुणा अशा : छातीत दुखणं किंवा दाब, बसल्या जागी धडधड, ठोका चुकल्यासारखं वाटणं, एरवीच्या जिन्याला न लागणारा दम, श्रम करताना चक्कर किंवा शुद्ध हरपणं, पायांवर सूज. यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. शुद्ध हरपली असेल किंवा छातीतलं दुखणं थांबत नसेल तर थेट इस्पितळ. तिथे ईसीजी, रक्तातली ट्रोपोनिनची तपासणी आणि टू-डी इको यांवरून अंदाज येतो. सूज नक्की ठरली तर जोराचा खेळ साधारण तीन ते सहा महिने बंद असतो आणि पुन्हा तपासण्या करूनच परवानगी मिळते. 'अ‍ॅसिडिटी असेल' म्हणत सोडा पिऊन ट्रॅकवर जाणारे मी पाहिलेत, म्हणून हे जरा लांबवून लिहिलं.

डेंग्यूचा ताप असेल तर वरचं वेळापत्रक विसरा

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्या-दोन महिन्यांत नाशकात ताप म्हटलं की डेंग्यूची शंका घ्यावीच लागते, आणि डेंग्यू इथे सगळं उलटं करतो. फ्लूमध्ये ताप उतरणं ही सुटकेची खूण, डेंग्यूत तो उतरतानाचे एक-दोन दिवस सगळ्यात जोखमीचे. याच वेळी रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं आणि प्लेटलेट तळाला जातात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार पडलेले हातपाय, कमालीची मरगळ असं काही दिसलं तर तिथल्या तिथे इस्पितळ गाठायचं.

इथे नाडीवरही विसंबू नका. डेंग्यूत आणि टायफॉइडमध्ये ताप असूनही नाडी मंद राहू शकते. आकडा चांगला दिसला म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. प्लेटलेट पुरेसे भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत सायकल, कबड्डी, फुटबॉल, जिथे पडण्याची किंवा मार लागण्याची शक्यता आहे ते सगळं बंद. अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने घ्यायची नाही, रक्तस्राव वाढू शकतो. त्यानंतरचा थकवा कित्येक आठवडे टिकतो. माझ्या गटातल्या एकीला डेंग्यूनंतर तिच्या नेहमीच्या अंतरावर यायला अडीच महिने लागले, आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं.

मावसभावाने शेवटी २१ किलोमीटरमधून नाव काढून १० मध्ये घातलं. तयारी करायच्या आठवड्यांत तो नुसता सावरत होता, तेव्हा हिशेब त्याचा त्यालाच पटला. १ तास ९ मिनिटं लागली, त्याच्या एरवीच्या वेळेपेक्षा पाचेक मिनिटं जास्त. कॅलेंडर बदललं, नवं वर्ष लागलं, तरी सकाळची नाडी वहिनी अजून लिहितात. आता त्यांनी शेजारी स्वतःचीही लिहायला घेतली आहे, ६४.